घरात नक्की किती जण राहता?

‘नमस्कार. सोसायटीतून फोन आला होता. फ्लॅटमध्ये सध्या नक्की किती माणसं राहतात ते लेखी कळवावे.’ घरमालकाचा असा मेसेज आला की भाड्याच्या घरात दोन सूर उमटतात. एक म्हणतो, ‘भाडं वेळेवर देतो ना, मग माणसं मोजणारे हे कोण?’ दुसरा म्हणतो, ‘चार म्हणून सांग आणि विषय संपव.’ माझ्या मते दोन्ही उत्तरं महागात पडणारी आहेत, आणि खोटा आकडा देणारं उत्तर जास्त महाग आहे.

एक घर कल्पनेतलं घेऊ. पुण्यात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. सिंहगड रस्त्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, महिना २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. करारावर नवरा-बायकोची नावं. मालक मुंबईला असतात, वयाने मोठे, म्हणून दोघं त्यांना काका म्हणतात. पाचव्या महिन्यात बाळ झालं. बाळंतपणासाठी सांगलीहून बायकोची आई आली. मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याचे वडील आले आणि फिजिओथेरपी संपेपर्यंत थांबले. त्यांच्यापाठोपाठ एमपीएससीची तयारी करायला धाकटा भाऊ आला. दोनाचे सहा झाले, आणि प्रत्येक जण येण्यामागे असं कारण होतं की कोणीही दार उघडलंच असतं.

घरात सातवाही आहे. भावाचा मित्र, ‘खोली मिळेपर्यंत’ म्हणून आला, हॉलमधल्या कॉटवर झोपतो आणि महिन्याला चार हजार देतो. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण या प्रश्नातली खरी मेख तोच आहे.

काकांनी विचारलं ‘किती’. पण त्या एका शब्दाखाली बहुधा तीन वेगळ्या काळज्या असतात, आणि भाडेकरूने आधी कोणती काळजी आहे हे ओळखायला हवं. सोसायटीतून फोन आला म्हणजे पहिली काळजी जवळजवळ नेहमी पाण्याची असते. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार माणसं वाढली म्हणजे रोज ५४० लिटर, महिन्याला सोळा हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरच्या टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या सोसायटीत हा दीड टँकर होतो. (बाळाला कसले १३५ लिटर, असं म्हणणाऱ्याने बाळाचे कपडे धुतलेले नसतात.) तेव्हा सेक्रेटरीची तक्रार हवेतली नाही. मात्र तिचा उपाय माणसं मोजणं हा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर ठरतो. डोकी मोजून आकारणी ही उपविधींची पद्धत नाही. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही राज्य सरकारच्या २००१ सालच्या आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. घरात दोन माणसं असोत की सहा, ते तेवढंच राहतं. म्हणून ‘माणसं वाढली, आता मेंटेनन्स दीडपट’ असा निरोप आला, तर तो कोणत्या ठरावाने आणि कोणत्या उपविधीने, हे मालकाने सोसायटीला लेखी विचारावं. हे काम मालकाचं आहे, कारण सोसायटीचा सभासद तो आहे.

दुसरी काळजी पोलिसांची. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की भाडेकरूंची माहिती मालकाने पोलिसांना कळवावी. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यांची मुदत साधारण दोन महिन्यांची असल्याने ते पुन्हा पुन्हा काढले जातात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या आदेशात मालकाकडे बोट असतं. उद्या त्या इमारतीत चोरी झाली, पोलीस आले आणि फ्लॅटमध्ये नोंद नसलेला तरुण सापडला, तर पहिला फोन मुंबईला काकांना जाणार. म्हणून त्यांना आकडा देऊन भागत नाही, नावं लागतात. ‘सहा जण’ हे उत्तर पोलीस ठाण्यात काही कामाचं नाही.

तिसरी काळजी मालक सहसा बोलून दाखवत नाहीत. ती म्हणजे पोटभाडेकरूची: आपण २५ हजारांना दिलेलं घर हा माणूस कॉटप्रमाणे पुढे देतोय का? पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे ही शंका जरा लवकर येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण कुटुंबातली माणसं येऊन राहणं आणि पोटभाडेकरू ठेवणं यांत कायद्याने मोठं अंतर आहे, आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात: दाराबाहेर चपला वाढलेल्या असतात.

लिव्ह अँड लायसन्समधलं लायसन्स म्हणजे १८८२ च्या इंडियन ईझमेंट अ‍ॅक्टमधली परवानगी. ती एका व्यक्तीला दिलेली असते. जागेत हक्क तयार होत नाही, फक्त राहू देण्यात येतं. ही परवानगी पुढे दुसऱ्याला देता येत नाही. पण परवानगी घेतलेल्या माणसाबरोबर त्याची आई राहायला आली, तर परवानगी कोणाकडेच ‘गेलेली’ नसते. घर अजून त्याच्याच ताब्यात आहे, किल्ली त्याची, भाडं त्याचं, आई त्याच्या आधाराने राहते. पोटभाड्यासाठी काय लागतं याची उजळणी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात केली. तो खटला भाडेकरूचा होता, लायसन्सचा नव्हता, पण कसोटी समजून घ्यायला उपयोगी आहे. जागेचा किंवा तिच्या एखाद्या भागाचा ताबा तिसऱ्या माणसाकडे स्वतंत्रपणे गेला पाहिजे, आणि त्याला मालकाची संमती नसली पाहिजे. भाडेकरूने ताबा आपल्याकडेच राखला असेल, तर नुसत्या सोबत राहण्याने पोटभाडं ठरत नाही. मात्र तिसऱ्याचा स्वतंत्र ताबा मालकाने दाखवला, तर पैशांची देवाणघेवाण त्याने पावतीनिशी सिद्ध करण्याची गरज नसते. असे व्यवहार चोरूनच होतात हे न्यायालयांना माहीत आहे. ती परिस्थितीवरून अनुमान काढतात आणि खुलासा करण्याची पाळी भाडेकरूवर येते.

ही कसोटी आपल्या सहा-सात माणसांना लावून पाहा. सासूबाई, वडील, बाळ यांच्याबद्दल वाद होऊच शकत नाही. भाऊ? बहुतेक छापील करारांत ‘परवानगीधारक व त्याचे कुटुंबीय’ एवढंच असतं, कुटुंबीय म्हणजे कोण हे कोणी लिहीत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींतल्या कुटुंबाच्या व्याख्येत भाऊ-बहीण येतात, आणि आपल्या समाजात धाकटा भाऊ शिकायला थोरल्याकडे राहतो हे कुठल्याही न्यायाधीशाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय तो पैसे देत नाही.

भावाचा मित्र मात्र नात्याचा नाही आणि पैसे देतो. कोणी म्हणेल, त्याला वेगळी खोली नाही, हॉलमधली कॉट आहे, मग स्वतंत्र ताबा कुठे आला? युक्तिवाद वकिलाला आवडेल, पण करारात ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या राहण्यासाठीच’ असं कलम असतं, आणि ते कलम इथे मोडलेलं आहे. पोटभाडं ठरो न ठरो, करारभंग झाला. चार हजार यूपीआयने दर महिन्याच्या एकाच तारखेला येत असतील, तर ‘किराण्याचा वाटा’ हे उत्तर फार काळ टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मित्राला ठेवायचं असेल तर काकांना आधी विचारायचं, ते नाही म्हणाले तर मित्राने खोली शोधायची. त्याला पाहुणा म्हणून यादीत घुसवलं, की सासूबाई आणि वडील यांच्याबद्दलचं खरं उत्तरही संशयास्पद होतं.

आता करार. मेसेजला उत्तर देण्याआधी तो काढून वाचा. पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत: राहणाऱ्यांची संख्या किंवा नावं लिहिली आहेत का, पाहुण्यांबद्दल दिवसांची मर्यादा आहे का, आणि करारभंग झाल्यास मालकाने किती दिवसांची नोटीस द्यायची. पाहुणा कितव्या दिवशी रहिवासी होतो, याचा कुठलाही आकडा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात नाही. करारात असेल तेवढाच. न्यूयॉर्क राज्यात याची सोय कायद्यातच केलेली आहे: तिथे भाडेकरूला जवळचे कुटुंबीय घरात ठेवण्याचा हक्क आहे, करारात उलट लिहिलं तरी तो जात नाही, पण नवीन माणूस राहायला आला की तीस दिवसांत, किंवा मालकाने विचारल्यावर तीस दिवसांत, त्याचं नाव कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये घरात गर्दी झाली का हे ठरवताना एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं धरतात आणि वर्षाच्या आतलं बाळ मोजतच नाहीत. आपल्याकडे असं काहीच नसल्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा नियम मनात धरून बसतात. मालकाच्या मनात बाळही धरून आकडा असतो, भाडेकरूच्या मनात आई ‘आलीय फक्त’.

करारात संख्या नसेल, तर नुसती माणसं वाढली म्हणून करारभंग झाला असं म्हणणं अवघड आहे. आणि करारच नोंदवलेला नसेल तर मालकाची बाजू आणखी लंगडी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे; तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं पाडायची जबाबदारी मालकावर येते, आणि न नोंदवल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी तोंडी दोघांनाच सांगितलं होतं’ हे वाक्य तिथे फार दूर जात नाही.

म्हणजे मग भाडेकरूने ‘करारात नाही, सांगणार नाही’ म्हणावं का? कागदावर कदाचित चालेल, व्यवहारात मूर्खपणा ठरेल. पोलिसांच्या आदेशामुळे मालकाला नावं हवीतच, आणि सहा महिन्यांनी कराराचं नूतनीकरण त्याच्याच हातात आहे. लायसन्सची मुदत संपली की मुक्काम वाढवण्याचा हक्क उरत नाही. सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. तेव्हा उत्तर द्यावं, लवकर द्यावं, आणि असं द्यावं की मालकाच्या तिन्ही काळज्या एकाच कागदात मिटतील. त्यासाठी आकड्यापेक्षा नाव, नातं आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं लागतं. आपल्या घराचं उत्तर साधारण असं होईल:

‘आदरणीय काका, आपला मेसेज मिळाला. करारातील आम्हा दोघांव्यतिरिक्त सध्या घरात पुढील माणसे आहेत. आमचे बाळ, जन्मापासून. सासूबाई, प्रसूतीपासून, साधारण दिवाळीपर्यंत. माझे वडील, शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांसाठी, डॉक्टरांनी सोडेपर्यंत. माझा धाकटा भाऊ, अभ्यासासाठी, करार संपेपर्यंत. यांपैकी कोणाकडूनही आम्ही भाडे घेत नाही. घराचा ताबा आमच्याकडेच आहे. पोलिसांकडे नोंदीसाठी लागणारी कागदपत्रे आपण सांगाल तशी देतो. काही बदल झाल्यास आठ दिवसांत कळवू. हे पत्र मिळाल्याचे कृपया लेखी कळवावे.’

नावं अर्थात खरी लिहायची. ‘कोणाकडूनही भाडे घेत नाही’ हे वाक्य पत्राचा कणा आहे, आणि मित्र कॉटवर असताना ते लिहिता येत नाही, हे त्या घराला पत्र लिहिताना कळेलच. ‘साधारण दिवाळीपर्यंत’ म्हणायला लाजू नका. पुढे मुक्काम वाढला तर एक ओळ पुन्हा पाठवायची. तोंडी ‘हो हो, चालेल’ यावर थांबू नका, कारण काकांच्या पश्चात त्यांचा मुलगा व्यवहार पाहू लागला तर त्याला त्या फोनची माहिती नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकारही ठेवून द्या, ईमेल असेल तर उत्तम. आधार कार्डाची प्रत द्यायची झाली तर शेवटचे चार अंक दिसणारी, बाकी झाकलेली प्रत देता येते. आणि ती मालकाला द्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. वडिलांचं आधार कार्ड दोनशे फ्लॅटवाल्यांनी पाहण्याचं कारण नाही.

काकांच्या बाजूनेही काही पथ्यं आहेत. घर पाहायचा त्यांना हक्क आहे, पण कलम २८ नुसार आधी कळवून आणि रास्त वेळी. वॉचमनला वर पाठवून डोकी मोजून घेणं, किंवा कचऱ्याच्या बादलीवरून अंदाज बांधणं, यात हक्क कमी आणि उपद्रव जास्त. मुदतीच्या मध्यात ‘चार माणसं वाढली, चार हजार वाढवा’ असं एकतर्फी म्हणता येत नाही. करारात लिहिलेला दर दोघांनी मिळून बदलेपर्यंत तोच असतो, आणि बदलला तर तो बदलही नोंदवून घ्यावा. उत्तर आवडलं नाही म्हणून कुलूप बदलणं, पाणी तोडणं हे तर करूच नये: ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा लागतो, आणि अशा उद्योगाने बरोबर असलेला मालकही चुकीच्या बाजूला जातो.

जुन्या वाड्यांत आणि पागडीच्या घरांत हाच प्रश्न अगदी उलट्या कारणाने विचारला जातो, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. तिथे भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं. कायद्याच्या कलम ७ मधल्या भाडेकरूच्या व्याख्येतच ते आहे. त्यामुळे तिथला मालक ‘सध्या कोण कोण राहतं’ विचारतो तेव्हा त्याला पाण्याची फिकीर नसते, पुढचा वारस कोण होणार याची असते. अशा घरात आलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवावा. अकरा महिन्यांच्या करारात तशी भीती नाही: सहा नावं कळवली म्हणून सहा जणांचा हक्क तयार होत नाही, आणि नावं लपवल्याने भाडेकरूचा काही फायदाही होत नाही.

पुढच्या करारात हा घोळ मुळातच टाळता येतो. राहणाऱ्यांची नावं आणि नाती लिहायची. कुटुंबीय म्हणजे आई-वडील, सासू-सासरे, मुलं, भावंडं हे स्पष्ट करायचं. पंधरा किंवा तीस दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याचं नाव आठवड्यात कळवायचं असं कलम घालायचं. मसुदा करणारा एजंट ‘कशाला उगाच’ म्हणेल, कारण त्याचा छापील नमुना तयार असतो. त्याला बदलायला लावा. नावं वाढवल्याने खर्च वाढत नाही. मुद्रांक शुल्क ठरतं ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्क्याने. आपल्या उदाहरणात भाडं दोन लाख ७५ हजार, व्याज सुमारे ९,१६७, आणि शुल्क ७१० रुपयांच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. घरात दोन माणसं असली तरी एवढंच, सहा असली तरी एवढंच.